जाता जाता मारलेले प्यादे आणि चालीची सक्ती : दोन परक्या शब्दांची गोष्ट

(नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. हेच व्याख्यान आधी लातूरला झाले होते. तिथल्या प्रश्नोत्तरांतून सुचलेला काही भाग यात आला आहे. पडद्यावर दाखवलेले पट इथे शब्दांत लिहिले आहेत.)



सुरुवात एका भांडणापासून करतो. १९८६ सालचा उन्हाळा. मी सातवीतून आठवीत गेलो होतो आणि सुट्टीत उदगीरजवळच्या आमच्या गावी होतो. आजोबा बुद्धिबळ खेळायचे, पण ते देशी. म्हणजे कापडाचा पट, लाकडी सोंगट्या, ओसरीवर दोन माणसं खेळणारी आणि चार माणसं चाली सुचवणारी. मी मात्र शहरात, शाळेतल्या सरांकडून आणि एका पातळशा पुस्तकातून 'आंतरराष्ट्रीय' बुद्धिबळ शिकून आलो होतो. आजोबा म्हणाले, चल, तुझ्या कायद्यानं खेळू. त्यांनी कायदा विचारून घेतला. पहिल्या चालीला प्यादे दोन घरं जातं म्हणालो, ते त्यांना आवडलं. किल्लेकोट समजावून सांगितला, तोही त्यांनी मान्य केला.

डाव मध्यावर आला. माझं पांढरं प्यादे पाचव्या ओळीत जाऊन बसलेलं. आजोबांनी शेजारच्या पट्टीतलं प्यादे दोन घरं पुढं टाकलं, माझ्या प्याद्याला लागून. मी माझं प्यादे तिरकं सरकवलं, मोकळ्या घरात ठेवलं आणि त्यांचं प्यादे पटावरून उचललं.

ओसरीवर शांतता झाली. मग आजोबा म्हणाले, "लेका, ज्या घरात माझं प्यादे नाहीच, तिथं जाऊन तू ते मारलंस कसं?"

मी म्हणालो, "याला एन पासंट म्हणतात." पुस्तकात छापलेलं मी तसंच वाचायचो. उच्चार चुकीचा होता हे पुढं वीस वर्षांनी कळलं.

"म्हंजे काय?"

हे मात्र मला सांगता येईना. आजोबांनी पट गुंडाळला. पुढं दोन दिवस ते माझ्याशी खेळले नाहीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले की नातू शहरात राहून प्यादी चोरायला शिकला. (हशा)

आजचं व्याख्यान म्हणजे त्या "म्हंजे काय?" चं उत्तर आहे. ते द्यायचं तर सोबत दुसरा एक शब्दही घ्यावा लागतो, झुगझ्वांग. एक शब्द फ्रेंच, दुसरा जर्मन. आपल्याकडचे खेळाडू दोन्ही सर्रास वापरतात. पण या दोघांचं वय आणि स्वभाव अगदी वेगळे आहेत. एका शब्दामागची गोष्ट खेळाइतकीच जुनी आहे, फक्त तिला नाव उशिरा मिळालं. दुसऱ्यामागची गोष्ट युरोपात एका नियमामुळे तयार झाली आणि आपल्या पटावर तिला कधी जागाच नव्हती.

आधी आपल्या पटाकडे बघू. आपण नांदेडला बसलो आहोत. इथून देगलूरकडे गेलात तर होट्टल लागतं, तिकडे लातूर जिल्ह्यात निलंग्याचं नीलकंठेश्वराचं देऊळ आहे. हा सगळा कल्याणीच्या चालुक्यांचा मुलूख. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या दोन्ही जिल्ह्यांना लागून असलेल्या बिदर जिल्ह्यात. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. 'अभिलषितार्थचिंतामणी' हे त्याचंच दुसरं नाव. राजानं काय खावं, हत्ती कसे पकडावेत, देवळं कशी बांधावीत, गाणं कसं ऐकावं, असे शंभर अध्याय. शेवटच्या वीस अध्यायांत राजाच्या क्रीडा आहेत आणि त्यांत बुद्धिबळही आहे. आपण ज्याला पाश्चात्त्य खेळ समजून नियमपुस्तकं मागवतो, तो इथून एका दिवसाच्या घोडदौडीवर नऊशे वर्षांपूर्वी राजवाड्यात मांडला जात होता.

आणखी एक मराठवाड्याचा धागा. पैठणचं भट्ट घराणं काशीला जाऊन स्थायिक झालं. त्या घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला राजनीतीचा भाग म्हणजे 'नीतिमयूख', आणि त्यात बुद्धिबळाचं वर्णन आहे. हॅरल्ड मरे यांनी १९१३ साली बुद्धिबळाचा जो प्रचंड इतिहास लिहिला, त्यात भारतीय खेळासाठी त्यांनी हा ग्रंथ वापरला.

देशी खेळाच्या रीती गावोगाव थोड्या बदलायच्या. आमच्या ओसरीवरची रीत सांगतो, तीच बऱ्याच ठिकाणी होती. प्यादे एका वेळी एकच घर चालणार, पहिल्या चालीलाही. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची उडी. प्यादे शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचलं ते मोहरं होणार. १८१४ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचा अनुवाद. बुद्धिबळातल्या पेचांचा तो संग्रह. त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिलं आहे की हे युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतलं आहे. म्हणजे दोन पद्धती वेगळ्या आहेत आणि मधे भाषांतर करावं लागतं, हे तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होतं. भाषेचं तर झालंच, नियमांचंही.

आता झुगझ्वांग. जर्मन माणूस त्याचा उच्चार साधारण 'त्सूक-त्स्वांग' असा करेल. दोन शब्दांचा जोड आहे. पहिला 'त्सूक', म्हणजे ओढणं, सरकवणं, आणि म्हणून पटावरची चाल. गंमत अशी की जर्मन भाषेत रेल्वेगाडीलाही हाच शब्द आहे, कारण तीही ओढली जाते. लातूरला २०१६ साली मिरजेहून जी पाण्याची गाडी आली, तीही त्सूकच. (हशा) दुसरा शब्द 'त्स्वांग', म्हणजे सक्ती. चालीची सक्ती. मराठीत 'चालसक्ती' म्हणायला हरकत नाही, मी घरी म्हणतो.

सक्ती कसली? बुद्धिबळात आपली पाळी आली की चालावंच लागतं. 'पास' म्हणता येत नाही. हा नियम इतका अंगवळणी पडलेला असतो की तो नियम आहे हेच आपण विसरतो. एरवी चाल मिळणं म्हणजे फायदाच. पहिली चाल कोणाची यावर मुलं भांडतात. पण काही वेळा पटावर सगळं नीट बसलेलं असतं, प्रत्येक मोहरं आपल्या जागी राखण करत असतं, आणि आता काहीतरी हलवलंच पाहिजे म्हणून आपलं आपणच मोडावं लागतं. ही झाली चालसक्ती.

एक पट मांडू. घरं ओळखायची रीत तुम्हाला माहीत आहे: पांढऱ्याच्या बाजूने बसलं की डावीकडून उजवीकडे ए ते एच या उभ्या पट्ट्या, आणि आपल्याकडून समोर एक ते आठ या आडव्या ओळी. पांढरा राजा डी५ वर, पांढरं प्यादे सी४ वर. काळा राजा बी४ वर, काळं प्यादे सी५ वर. बस, चारच सोंगट्या. दोन्ही प्यादी समोरासमोर अडकलेली, एकालाही हलता येत नाही. पांढरा राजा स्वतःचं प्यादे राखतो आहे आणि काळ्या प्याद्यावर टपला आहे. काळ्या राजाचंही तेच.

आता पाळी पांढऱ्याची असेल तर? प्यादे अडलेलं, म्हणजे राजाच हलवावा लागणार. राजा डी५ सोडून कुठंही गेला की सी४ ची राखण सुटते, काळा राजा ते प्यादे खातो, आणि मग काळ्याचं प्यादे वजीर व्हायला निघतं. पाळी काळ्याची असेल तर सगळं उलट होतं. पट तोच, सोंगट्या त्याच, फक्त पाळी कोणाची एवढ्यावर निकाल. ज्याची चाल तो हरला. या स्थितीला फ्रेंच नाव आहे 'त्रेब्यूशे', किल्ल्यावर दगड फेकायच्या जुन्या यंत्राचं.

इथं एक खूण लक्षात ठेवा, कारण हा शब्द फार सैल वापरला जातो. स्पर्धेत मुलगा हरून येतो आणि म्हणतो, "सर, झुगझ्वांगमध्ये गेलो." पट बघावा तर वजीर गेलेला, राजा उघड्यावर, शह बसतायत. ती चालसक्ती नाही, ती नुसती हार. स्वतःला विचारायचं: मला ही एक चाल सोडून द्यायची मुभा असती तर मी सावरलो असतो का? उत्तर 'हो' असेल तरच झुगझ्वांग. आत्ताच्या पटावर पांढऱ्याला 'पास' म्हणता आलं असतं तर काळाच फसला असता. म्हणून हे अस्सल उदाहरण आहे.

आणि स्टेलमेटशीही गल्लत करू नका. स्टेलमेटमध्ये राजाला शह नसतो आणि कायदेशीर चालच उरलेली नसते, म्हणून डाव बरोबरीत सुटतो. चालसक्तीत चाल असते, तेच तर दुखणं.

ही गोष्ट किती जुनी? नवव्या शतकातल्या अरबी शतरंजच्या कूटप्रश्नांत ती सापडते. इटलीच्या साल्व्हिओने १६०४ साली छापलेल्या एका रचनेत ती आहे. पण तिला नाव नव्हतं. जर्मन बुद्धिबळ नियतकालिकात हा शब्द १८५८ साली छापलेला दिसतो. इंग्रजीत तो आणला जगज्जेता इमॅन्युएल लास्कर यानं, १९०५ मध्ये. म्हणजे हजार वर्षं माणसं त्यात सापडत होती आणि सापडवत होती, आणि नाव मिळून दीडशेच वर्षं झाली. आमच्या आजोबांना शब्द माहीत नव्हता, पण डावाच्या शेवटी दोन प्यादी उरली की ते बोटांवर काहीतरी मोजायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "कुणाच्या चाली आधी संपतात ते बघतोय." हीच ती गोष्ट. त्याहून सोपी व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

शब्द जगभर गाजला तो १९२३ साली कोपनहेगनला. झेमिश विरुद्ध निम्झोविच. निम्झोविच काळ्याकडून खेळत होता. पंचविसाव्या चालीला, पट सोंगट्यांनी भरलेला असताना, त्यानं कडेचं प्यादे एच७ वरून एच६ वर एक घर सरकवलं. बस. आणि झेमिशनं डाव सोडला. पांढऱ्याकडे दोन-चार किरकोळ प्यादेचाली होत्या, त्या संपल्या की स्वतःच्या हातानं काहीतरी मोडावं लागणार होतं. या डावाला 'अमर झुगझ्वांग' म्हणतात. नाव जरा जास्तच मोठं आहे असं माझं मत, कारण काळ्याकडे तिथं एक सरळ धमकीही होती. पांढऱ्यानं 'पास' म्हटलं असतं तरी तो वाचला नसता. आपली मघाची खूण लावून बघा, तो डाव तिच्यात पूर्ण बसत नाही. पण शांतपणे एक घर सरकवलेलं प्यादे काय करू शकतं, ते दाखवायला याहून चांगलं चित्र नाही.

आता दुसरा शब्द. फ्रेंच उच्चार 'आँ पासाँ'. 'पासे' म्हणजे जाणं, ओलांडणं. 'पासाँ' म्हणजे जात असताना. मराठीत याला शब्द शोधायची गरजच नाही, 'जाता जाता'. बाजारातून येता येता दळण आणलं, तसं जाता जाता प्यादे मारलं. आजोबांना मी हे म्हणू शकलो असतो तर कदाचित भांडण झालंच नसतं.

नियम नेमका असा. तुमचं प्यादे तुमच्या बाजूने मोजलं तर पाचव्या ओळीत आहे. शेजारच्या पट्टीतलं विरुद्ध प्यादे अजून मूळ जागी आहे. ते एकाच चालीत दोन घरं पुढं येऊन तुमच्या प्याद्याशेजारी उभं राहिलं. तर ते एकच घर आलं असतं असं समजून तुम्ही ते मारू शकता. तुमचं प्यादे तिरकं, त्यानं ओलांडलेल्या घरात जातं, आणि ते शेजारचं प्यादे पटावरून उचललं जातं. हे फक्त प्याद्यानं करता येतं, घोड्याउंटानं नाही. आणि फक्त लगेचच्या चालीत. एक चाल दुसरीकडे खेळलात की तो हक्क संपला. अख्ख्या बुद्धिबळात ही एकच मार अशी आहे की मारणारा एका घरात जातो आणि मरणारा दुसऱ्या घरातून उठतो. आजोबांचा प्रश्न अगदी नेमका होता.

लातूरला एका मुलीनं विचारलं, आँ पासाँ करणं बंधनकारक आहे का? नाही, मर्जीची गोष्ट आहे. पण दुसरी कुठलीच कायदेशीर चाल उरली नसेल तर तीच करावी लागते. 'माझी स्टेलमेट झाली' म्हणून हात वर करता येत नाहीत. आणि एक फसवी जागा. समजा पांढरा राजा ए५ वर, पांढरं प्यादे ई५ वर, काळा हत्ती एच५ वर, सगळे एकाच आडव्या ओळीत. काळ्यानं डी७ वरचं प्यादे डी५ वर आणलं. मारावं का जाता जाता? मारता येत नाही. कारण मारलं तर पाचव्या ओळीतून एकदम दोन प्यादी नाहीशी होतात, आपलंही आणि त्याचंही, आणि हत्तीचा शह थेट राजाला बसतो. एका चालीत एका ओळीतून दोन सोंगट्या उठतात हे डोळ्याला पटकन दिसत नाही. चांगले खेळणारेही इथं चुकतात आणि पंचांना बोलवावं लागतं.

पण असला विचित्र नियम आला कुठून? बुद्धिबळ इथून इराण, अरबस्तान करत युरोपात गेलं तेव्हा प्यादे एकच घर चालत होतं. डाव फार हळू रंगायचा. म्हणून तिकडे पहिल्या चालीला दोन घरांची सवलत आली. स्पेनच्या दहाव्या अल्फोन्सो राजाच्या १२८३ सालच्या खेळांच्या ग्रंथात ती दिसते. सवलत दिली घाईसाठी, पण तिनं एक वेगळाच घोळ केला. आधी काय होतं? तुमचं प्यादे पाचव्या ओळीत पोचलं की शेजारच्या पट्टीतल्या विरुद्ध प्याद्याला तुमच्या माऱ्यातलं घर ओलांडूनच पुढं यावं लागे. त्या घरात ते आलं की तुम्ही ते मारायचात. जणू नाक्यावर तुमचा माणूस बसला आहे. आता दोन घरांच्या उडीमुळे ते नाका चुकवून निघून जाऊ लागलं. मग नाकेदाराला त्याचा हक्क परत देण्यासाठी नियम आला: उडी मारलीस तरी तू त्या घरावरून गेलास, तेव्हा जाता जाता तुला धरता येईल. स्पेनच्या रुय लोपेझच्या १५६१ च्या पुस्तकात हा नियम आहे. पण तो सगळीकडे लगेच मानला गेला नाही. इटलीत कितीतरी काळ प्याद्याला नाका चुकवून जायची मोकळीक होती. १८८० च्या सुमारास तिथले नियम बदलले तेव्हाच जगाचा कायदा एक झाला.

म्हणजे देशी खेळात हा नियम नाही, कारण तिथं त्याची गरजच पडली नाही. रोगच नाही तर औषध कशाला?

आता मघाचा चार सोंगट्यांचा पट परत घ्या आणि उजव्या बाजूला तीन प्यादी वाढवा. पांढऱ्याची दोन, जी३ आणि एच२ वर. काळ्याचं एक, जी४ वर. जी३ आणि जी४ समोरासमोर अडलेली. पाळी पांढऱ्याची. राजा हलवला तर सी४ पडतं, हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे पांढऱ्याला एक फुकटची चाल हवी आहे, जिनं पाळी काळ्याकडे जाईल. अशी चाल एकाच प्याद्याकडे आहे, एच२ वरच्या. आजोबांच्या भाषेत, कुणाच्या चाली आधी संपतात?

आधी देशी नियमानं खेळू. प्यादे एकच घर जाणार, एच३. तिथं ते काळ्या जी४ च्या तिरक्या माऱ्यात आहे. काळा ते मारतो, आणि त्याचं प्यादे एच३ वरून दोन चालींत शेवटच्या ओळीत पोचतं. पांढऱ्याचा राजा फार लांब आहे. पांढरा हरला.

आता जुन्या इटालियन पद्धतीनं. दोन घरांची उडी आहे, पण जाता जाता मारणं नाही. पांढरा थेट एच४ वर जातो, काळ्याच्या प्याद्याला वळसा घालून. जी४ ला पुढं जी३ अडवतं, तिरकं मारायला काही नाही. आता पाळी काळ्याची, आणि हलवायला फक्त राजा. चालसक्ती! राजा हलतो, सी५ पडतं, आणि तिकडे एच४ वरचं प्यादेही मोकळं धावायला तयार. पांढरा जिंकला.

आणि आजच्या नियमानं? पांढरा एच४ खेळतो. काळा म्हणतो, तू एच३ वरूनच गेलास ना? आणि जाता जाता मारतो. त्याचं प्यादे एच३ वर येतं, पुढं एच२, मग एच१ वर वजीर होतो, आणि होता होता पांढऱ्या राजाला शहही देतो, कारण एच१ ते डी५ ही तिरकी रेषा मोकळी आहे. पांढरा हरला.

हा पट मी घरी मांडला तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो. तीन नियम, आणि पहिल्याचा आणि तिसऱ्याचा निकाल एकच. दोन घरांच्या सवलतीनं पांढऱ्याच्या हाती एक फुकटची चाल आली होती, चालसक्तीतून निसटायची चोरवाट. आँ पासाँनं ती बुजवली. म्हणजे सातवी पास झालेल्या पोरानं ओसरीवर जो नियम लावला, त्यानं आजोबांच्या खेळात काही नवं घुसवलं नव्हतं. त्यांचा जुना कायदाच परत आणला होता. चोरी केली होती ती त्यांच्या दोन घरं उडी मारणाऱ्या प्याद्यानं. (हशा)

दोन्ही पद्धती ज्यांनी अंगात मुरवल्या अशा माणसाचं नाव घेतो, सुलतान खान. पंजाबचा. तो देशी खेळात वाढला, युरोपीय नियम १९२६ च्या सुमारास शिकला, १९२८ मध्ये अखिल भारतीय विजेता झाला आणि १९२९ मध्ये इंग्लंडला जाऊन थेट ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. ते त्यानं १९३२ आणि १९३३ मध्येही जिंकलं. हेस्टिंग्जला १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला हरवलं. पुस्तकी सुरुवाती त्याला फारशा येत नसत. डावाचा शेवट मात्र त्याचा जबरदस्त होता. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. सुरुवातीचं ज्ञान नव्या नियमांवर उभं असतं, ते पुस्तकांतूनच येतं. पण कुणाच्या चाली आधी संपतात हे मोजणं दोन्ही पटांवर सारखंच, आणि ते त्याला लहानपणापासून येत होतं. भारतात परतल्यावर १९३५ साली त्याचा सामना झाला तो आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी. दहा डाव झाले. खाडिलकरांना त्यातला एक बरोबरीत सोडवता आला, बाकी सगळे सुलतान खाननं जिंकले.

लातूरला व्याख्यान संपल्यावर एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ पुढं आले. टेबलावर तो सात सोंगट्यांचा पट अजून मांडलेला होता. त्यांनी पांढऱ्याचं प्यादे उचललं आणि न विचारता एच३ वर, एकच घर सरकवून ठेवलं. मी म्हणालो, "काका, दोन घरं जाता येतं." ते म्हणाले, "जाऊन काय करू, मरायचं तर आहेच." मग जी४ वरच्या काळ्या प्याद्यानं त्यांनी स्वतःच ते मारलं, आणि सोंगट्या खोक्यात भरायला लागले.